टेंपरेचर हलतंय म्हणून आय बदलू नका, लॅम्डा बदला

(आमच्याकडून पीआयडी पॅनेल घेतलेल्या किंवा लूप ट्यून करून घेतलेल्या सगळ्या ग्राहकांसाठी. पॅनेलच्या दाराआत लावून ठेवा.)

दर सीझनला जानेवारी-फेब्रुवारीत हळदीचे ड्रायर सुरू झाले की आम्हाला एकाच प्रकारचे फोन येतात, "तुम्ही सेट करून गेलात तेव्हा व्यवस्थित होतं, आता टेंपरेचर वर-खाली करतंय." जाऊन बघितलं तर दहातल्या आठ ठिकाणी कंट्रोलरमध्ये आम्ही टाकलेले आकडे नसतातच, कुणीतरी पी थोडा, आय थोडा, डी थोडा असं फिरवून बघितलेलं असतं, आणि आधी काय होतं ते कुठं लिहून ठेवलेलं नसतं. आमचा अर्धा दिवस जातो आणि तुमचा माल थांबतो. म्हणून हे आकडे येतात कुठून आणि त्यातला फिरवायचा कुठला, ते एकदा सविस्तर लिहितोय.

आम्ही जी पद्धत वापरतो तिला इंटर्नल मॉडेल कंट्रोल म्हणतात, आयएमसी. त्यावरून पीआयडीचे आकडे काढायचे नियम रिव्हेरा, मोरारी आणि स्कोगेस्टाड यांनी १९८६ साली मांडले. कल्पना अशी, की ड्रायर कसा वागतो याचं एक छोटं गणिती मॉडेल कंट्रोलरच्या आत ठेवायचं, व्हॉल्व्हला जो आकडा जातो तोच मॉडेललाही द्यायचा आणि खऱ्या ड्रायरचं टेंपरेचर मॉडेलपेक्षा जेवढं वेगळं येईल तेवढाच फरक परत घ्यायचा. मग कंट्रोलर म्हणजे काय, तर त्या मॉडेलचं उलटं गणित. व्हॉल्व्ह एवढा उघडला की टेंपरेचर एवढं चढतं हे माहीत असेल तर टेंपरेचर एवढं चढवायला व्हॉल्व्ह किती उघडायचा हे उलटं काढता येतं.

पण उलटं करताना दोन अडचणी येतात. एक म्हणजे डेड टाइम. व्हॉल्व्ह हलवल्यावर पहिले ४० सेकंद सेन्सरवर काहीच दिसत नसेल तर ते ४० सेकंद कुणालाच परत मिळवता येत नाहीत, त्यासाठी पुढचं आधी कळायला लागेल, म्हणून तेवढा भाग उलटा न करता तसाच ठेवायचा. दुसरी म्हणजे नुसतं उलटं गणित व्हॉल्व्हला एकदम शंभर टक्के उघड म्हणून सांगतं आणि दुसऱ्या मिनिटाला बंद कर म्हणतं. त्याला आवर घालायला एक फिल्टर लावतात आणि त्या फिल्टरचा टाइम म्हणजे लॅम्डा. सेटपॉइंट बदलल्यावर टेंपरेचरनं किती निवांत तिकडं जायचं, एवढंच लॅम्डा सांगतो. सेकंदात असतो, म्हणजे तुम्हाला समजेल अशा भाषेत असतो.

आता हे सगळं एका लूपमध्ये गुंडाळून सोडवलं, डेड टाइमच्या जागी त्याचं साधं सरळ रूप घातलं, की जे उरतं तो नेहमीचा पीआय कंट्रोलरच निघतो:

```
Kc = tau / (K * (lambda + theta))
Ti = tau
```

यात Kc म्हणजे पी चा आकडा, Ti म्हणजे आय चा, K म्हणजे ड्रायरचा गेन, tau म्हणजे टाइम कॉन्स्टंट, theta म्हणजे डेड टाइम. ह्या दोन ओळी नीट बघा. लॅम्डा फक्त वरच्या ओळीत आहे. खालच्या ओळीत, म्हणजे आय च्या आकड्यात, तो नाहीच. आय हा तुमच्या ड्रायरचा स्वतःचा आकडा आहे, त्याच्या स्वभावातून मोजलेला, तो आवडीनुसार कमी-जास्त करायचा नसतो. डेड टाइमचं जरा बारकाईनं रूप घेतलं तर डी पण मिळतो, त्याचं सूत्र tau*theta/(2*tau + theta), आणि आय थोडा वाढून tau + theta/2 होतो, पण तिथंही लॅम्डा फक्त पी मध्येच येतो. तीन नॉब, त्यातला फिरवायचा एकच.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका ग्राहकाच्या स्टीमवर चालणाऱ्या हळद ड्रायरचं उदाहरण देतो. माल भरलेला असताना लूप मॅन्युअलला घेतला, टेंपरेचर ५२ डिग्रीवर स्थिर झाल्यावर व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवरून ५० वर नेला आणि मग काही न करता नुसतं लिहीत बसलो, ह्यालाच बंप टेस्ट म्हणतात. टेंपरेचर शेवटी ६४ वर थांबलं, म्हणजे १० टक्क्याला १२ डिग्री, गेन १.२. हलायला सुरुवात झाली ४० सेकंदांनी, तो डेड टाइम. एकूण चढाच्या ६३ टक्के, म्हणजे साधारण ५९.६ डिग्री, झाली २४० सेकंदाला, त्यातनं ४० वजा केले की टाइम कॉन्स्टंट २०० सेकंद. लॅम्डा आम्ही १२० घेतला, डेड टाइमच्या तिप्पट. तर Kc आला १.०४ आणि Ti २०० सेकंद. तुमच्या कंट्रोलरवर Kc दिसत नाही, त्याच्या उलटा चालणारा प्रपोर्शनल बँड, म्हणजे PB, दिसतो, तो ० ते २०० डिग्रीच्या स्पॅनला ४८ टक्के.

तिप्पट का, कमी का नाही, असं बरेच जण विचारतात. ओला माल आणि वाळत आलेला माल यांच्यात ड्रायरचा गेन सारखा राहत नाही, बॉयलरचं प्रेशर बदललं तरी बदलतो. लॅम्डा डेड टाइमएवढाच ठेवला तर गेन तिपटीनं वाढेपर्यंत लूप टिकतो, तिप्पट ठेवला तर सहा पटीपर्यंत. सीझनमध्ये चोवीस तास चालणाऱ्या ड्रायरला आम्ही हा दुसरा आकडा देतो, आणि कुणी "स्लो सेट केलंय" म्हटलं तरी देतो. डेड टाइमच्या खाली लॅम्डा आम्ही नेत नाही.

तर ह्या ड्रायरला सेटपॉइंट बदलल्यावर नवीन टेंपरेचरला पोचून स्थिरावायला साधारण नऊ मिनिटं लागायची. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ते हळू वाटलं, आय कमी केला की फास्ट होतं असं त्यानं कुठंतरी ऐकलेलं, म्हणून Ti २०० चा ३० केला. टेंपरेचर खरंच लवकर चढलं, पण पार पुढं गेलं, परत खाली आलं, आणि साधारण सात-सात मिनिटांच्या हेलकाव्यांनी हंटिंग सुरू झालं. मग त्यानं सगळे करतात तेच केलं, पी नरम केला, बँड ४८ चा १०० केला. हंटिंग गेलं नाही, फक्त लांबलं, सातच्या जागी अकरा मिनिटांचा हेलकावा झाला. शांत व्हायला आधीही अर्धा तास लागत होता, नंतरही अर्धाच तास. आणि तेवढ्यात दार उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. नऊ मिनिटं वाचवायला गेला आणि अर्धा तास घालवून बसला, आणि ह्यात त्या पोराची चूक म्हणत नाही मी, कारण पी ला हात लावून गुण का येत नाही हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ड्रायर २०० सेकंदांत प्रतिसाद देतो आणि कंट्रोलर ३० सेकंदांत अधीर होऊन व्हॉल्व्ह आणखी उघडत राहतो, टेंपरेचर चढायच्या आधीच जास्तीची स्टीम आत गेलेली असते. आय चुकला की पी थोडाफार नरम करून तो अधीरपणा जात नाही.

त्याला खरंच फास्ट हवं होतं तर लॅम्डा १२० चा ८० करायचा होता, म्हणजे बँड ४८ चा ३६, Ti तसाच २००. नऊ मिनिटांच्या जागी सहा मिनिटं आणि हंटिंग नाही. म्हणून आता आम्ही प्रत्येक पॅनेलच्या दाराला असा एक कागद चिकटवून देतो, त्याच ड्रायरचा:

```
lambda  40   80   120  160   s
PB      24   36   48   60    %
Ti      200  200  200  200   s
```

हलतंय तर उजवीकडं सरका, सुस्त वाटतंय तर डावीकडं, एका वेळी एक घर, आणि प्रत्येक बदलानंतर किमान पंधरा मिनिटं थांबा. हा कागद दुसऱ्या ड्रायरला चालणार नाही, शेजारचा सेम मेकचा असला तरी.

हलतंय म्हणजे ट्यूनिंगच गेलं असंही समजू नका. आधी लूप मॅन्युअलला घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं बघा. मॅन्युअलमध्येही टेंपरेचर डोलतंय तर कारण बाहेर आहे, बहुतेक वेळा स्टीम प्रेशर. मॅन्युअलला शांत, ऑटोला डोलतंय आणि लॅम्डा वाढवूनही जात नाही, तर व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग आवळलेलं असेल, व्हॉल्व्ह अडकून अडकून हलतो. तो दुरुस्तच करावा लागतो, आकड्यांनी सुटत नाही.

एका जागी मात्र आय बद्दलचा हा नियम आम्ही स्वतः मोडतो आणि ते सांगितलं पाहिजे. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीसारखं काम, जिथं टाइम कॉन्स्टंट ४० मिनिटं आणि डेड टाइम एकच मिनिट, तिथं Ti ४० मिनिटं ठेवला तर सेटपॉइंट छान पाळला जातो, पण दार उघडून थंड जॉब आत गेला की गेलेलं टेंपरेचर भरून यायला फार वेळ लागतो. त्यासाठी स्कोगेस्टाडनीच २००३ मध्ये सुधारणा दिली, टाइम कॉन्स्टंट आणि लॅम्डा अधिक डेड टाइमची चौपट, यातलं जे कमी असेल ते Ti ला घ्यायचं. लॅम्डा एक मिनिट धरला तर चौपट होते आठ मिनिटं, म्हणजे ४० च्या जागी ८. इथं लॅम्डा बदलला की आय पण बदलतो, म्हणून भट्टीवाल्यांच्या कागदावर Ti ची ओळ प्रत्येक घरात वेगळी असते. वरच्या ड्रायरला ही चौपट ६४० सेकंद येते, २०० पेक्षा जास्त, त्यामुळं तिथं फरक पडत नाही.

आणि ऑटोट्यूनचं बटण असताना आम्ही तासभर बंप टेस्ट का करतो आणि त्याचे पैसे का घेतो, हाही प्रश्न असतोच. बरेच कंट्रोलर ऑटोट्यूनमध्ये व्हॉल्व्ह मुद्दाम उघड-बंद करून लूप डोलवतात आणि त्यावरून आकडे काढतात, त्यातले काही १९४२ च्या झीग्लर-निकोल्सच्या धर्तीचे, जिथं प्रत्येक हेलकावा आधीच्या चौथाईवर आला तरी चांगलं समजतात. हळदीला तेवढा हेलकावा नको असतो. शिवाय ऑटोट्यून तुम्हाला तीन आकडे देतं, पण ते सुस्त किंवा तापट वाटले तर कुठला किती बदलायचा हे सांगत नाही. आमच्या टेस्टमधनं गेन, टाइम कॉन्स्टंट, डेड टाइम हे तीन आकडे तुमच्या हातात राहतात, उद्या कंट्रोलर दुसऱ्या मेकचा बसवला तरी त्यावरून नवीन आकडे दहा मिनिटांत निघतात. फक्त त्याचा टाइम सेकंदात आहे का मिनिटात ते आधी बघा.

सेन्सर जागचा हलवला, थर्मोवेल बदललं, ब्लोअरचा स्पीड बदलला किंवा व्हॉल्व्हची साइज बदलली तर मात्र कागद जुना झाला, टेस्ट परत लागेल. आमच्या पॅनेलची असेल तर वर्षातनं एकदा ती आम्ही व्हिजिटच्या पैशातच करून देतो, सांगली-मिरज-तासगाव भागात. फोन करायच्या आधी कंट्रोलरवर आत्ता दिसणारे PB, ti, td हे आकडे आणि ट्रेंडचा अर्ध्या तासाचा फोटो व्हॉट्सअपला पाठवा, आणि काही बदललं असेल तर काय बदललं ते तेवढं खरं लिहा, बऱ्याचदा यायची गरजच पडत नाही.