फुगणाऱ्या फुग्याचं गणित कुठून आलं

फुगा तोंडाने फुगवताना पहिल्या फुंकेला तो डोळ्यांदेखत मोठा होतो. पुढे फुंका तेवढ्याच जोराच्या असल्या तरी त्याची वाढ मंदावल्यासारखी वाटते. प्रत्येक फुंकेत साधारण अर्धा लिटर, म्हणजे 500 घन सेंटीमीटर हवा जाते आणि फुगा पूर्ण गोल आहे असं धरू. एका फुंकेनंतर त्रिज्या सुमारे 4.9 सेंमी होते आणि दुसरीनंतर 6.2. म्हणजे दुसऱ्या फुंकेने तिच्यात 1.3 सेंमीची भर पडली. आठव्या फुंकेने मात्र ती 9.4 वरून जेमतेम 9.85 वर जाते. हवा आठपट भरली, पण त्रिज्या पहिल्या फुंकेच्या दुप्पटच झाली.

कॅल्क्युलसच्या पुस्तकात हेच उदाहरण असं येतं: फुग्यात सेकंदाला 100 घन सेंमी हवा भरली जाते, तर त्रिज्या 5 सेंमी असताना ती किती वेगाने वाढते? दोन ओळींत सुटणाऱ्या या गणितात दोन वेगळे इतिहास एकत्र आले आहेत. एक गोलाच्या भूमितीचा आहे आणि दुसरा काळाबरोबर ‘वाहणाऱ्या’ राशींचा.

भूमितीचा इतिहास आर्किमिडीजपासून सुरू होतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने सिद्ध केलं की गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधोमध घेतलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या चौपट असतं, आणि गोलाचं घनफळ त्याला बरोबर सामावून घेणाऱ्या दंडगोलाच्या दोन तृतीयांश असतं. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त हेच नियम एका श्लोकात दिले. वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट केलं की गोलाचं पृष्ठफळ मिळतं, ‘कन्दुकस्येव जालम्’, म्हणजे चेंडूभोवती विणलेल्या जाळीसारखं. त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागलं की आतलं घनफळ मिळतं. मला या श्लोकातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो पृष्ठभागाकडून घनफळाकडे जातो. फुग्याच्या गणितातही नेमकं हेच नातं कामाला येतं.

कसं ते पाहू. त्रिज्या 5 सेंमी असलेल्या फुग्याभोवती एक मिलिमीटर जाडीचं पातळ टरफल बसवलं, असं समजा. त्या टरफलाचं घनफळ जवळजवळ पृष्ठफळ गुणिले जाडी इतकं येतं. पृष्ठफळ 4π × 25, म्हणजे सुमारे 314 चौरस सेंमी, आणि जाडी 0.1 सेंमी, म्हणून टरफल झालं 31.4 घन सेंमी. दोन्ही गोलांची घनफळं काढून खरी वजाबाकी केली तर 32.05 येते. टरफल जितकं पातळ घ्यावं, तितका हा फरक नगण्य होत जातो.

मात्र या टरफलाला वेळेशी जोडणं ना आर्किमिडीजच्या नियमात आहे, ना त्या श्लोकात. त्यासाठी न्यूटनपर्यंत यावं लागतं. 1671 च्या सुमारास लिहिलेल्या, पण त्याच्या मृत्यूनंतर 1736 मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात त्याने राशींना वाहत्या राशी मानलं आणि त्यांच्या वाढीच्या वेगाला ‘फ्लक्झन’ म्हटलं. त्याने मांडलेला पहिलाच प्रश्न असा होता: राशींमधलं नातं माहीत असेल, तर त्यांच्या वेगांमधलं नातं काढा. फुग्याचं गणित हे याच प्रश्नाचं एक रूप आहे. न्यूटनची रीत त्याला लावून पाहू. अक्षरावरचं टिंब म्हणजे त्या राशीचा फ्लक्झन. अगदी लहानशा काळात, त्याला o म्हणू, त्रिज्या r ची r + ṙo होते आणि घनफळ V चं V + V̇o. V = (4/3)πr³ मध्ये हे घालून, विस्तार करून o ने भागलं की उरतं V̇ = 4πr²ṙ आणि o असलेली काही पदं. ती पदं न्यूटन सोडून देत असे.

आधी o ने भागायचं आणि मग o शून्य मानायचं, यावर 1734 मध्ये बिशप बर्कलीने कडक टीका केली, आणि तर्काच्या दृष्टीने ती बिनतोड होती. तिला पक्कं उत्तर एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती कोशीच्या सीमेच्या संकल्पनेतून मिळालं. आज आपण तीच ओळ लाइब्निझच्या चिन्हांत, साखळी नियमाने लिहितो:

dV/dt = 4πr² · dr/dt

पाठ्यपुस्तकात ही गणितं रुळली ती एका शिक्षकी अडचणीतून. सीमेची काटेकोर व्याख्या नवख्यांना जड जात होती. विल्यम रिची या लंडनमधल्या प्राध्यापकाने 1836 च्या आपल्या पुस्तकात उलटी वाट धरली. वाढत्या आकृत्यांच्या वेगांपासूनच त्याने कॅल्क्युलस शिकवायला घेतलं, म्हणजे बाजू अशी वाढत असेल तर क्षेत्रफळ कसं वाढेल, असे प्रश्न. त्याच सुमारास रबरी फुगाही नवाच होता. मायकेल फॅरेडेने 1824 मध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराचे दोन तुकडे कडेने जोडून तो बनवला होता.

आता मूळ प्रश्न सोडवू. V̇ = 100, r = 5, म्हणून dr/dt = 100 ÷ 314.16, म्हणजे सुमारे 0.32 सेंमी प्रति सेकंद. r = 10 झाल्यावर भाजक चौपट होतो आणि वेग 0.08 वर येतो. तीच हवा आता चौपट पृष्ठभागावर पसरते, म्हणून टरफल चौथ्या हिश्शाइतकं पातळ बसतं.

इथे सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे r = 5 ही किंमत अवकलन करण्याआधीच घालणं. मग V = 523.6 हा नुसता आकडा होतो, त्याचा बदलाचा दर शून्य येतो आणि फुगा फुगतच नाही. दुसरी चूक व्यासाची आहे. प्रश्नात व्यास 10 दिलेला असतो आणि तोच r म्हणून सूत्रात जातो. उत्तर बरोबर चौथा हिस्सा आलं तर संशय इथेच घ्यावा. एककांच्या तपासणीत ही दुसरी चूक सापडत नाही, कारण व्यासही सेंटीमीटरमध्येच असतो.

सूत्राला मर्यादाही आहे. r शून्याकडे गेला की dr/dt अमर्याद वाढतो, पण खरा फुगा शून्यापासून सुरू होत नाही. आधी लुळं पडलेलं रबर भरतं, मग ते ताणलं जायला लागतं. शिवाय खरा फुगा देठाकडे निमुळता असतो, म्हणून 4πr² त्याला तंतोतंत लागू पडत नाही. तरीही आकार तोच राहून नुसता मोठा होत असेल, तर V हा कुठल्याही लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यातून निघणारं नातं गोलावर अवलंबून राहत नाही: कुठल्याही क्षणी घनफळ ज्या टक्केवारीच्या दराने वाढतं, त्याच्या एक तृतीयांश दराने लांबी वाढते. आपल्या उदाहरणात r = 10 असताना घनफळ सेकंदाला 2.4 टक्के वाढतं आणि त्रिज्या 0.8 टक्के. फुग्याच्या पोटाभोवती मोजपट्टी गुंडाळली, तर तिच्यावरचा घेरही त्या क्षणी 0.8 टक्के दरानेच वाढत असतो.