उंचावर मुक्काम, खाली सराव: तेरा सेकंदांचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. त्याच्या सरावाच्या बातम्यांमध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्सचं नाव पुन्हा पुन्हा येतं. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. भारतातले लांब पल्ल्याचे धावपटू उटीला जातात, केनियाचे धावपटू तर राहतातच उंचावर. त्यामुळे आपल्याकडेही मॅरेथॉनची तयारी करणारे विचारतात, की महिनाभर उंचावर राहून आलो तर वेळ किती कमी होईल?

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, जवळपास २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. २५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्ताला मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. मूत्रपिंडाला ही कमतरता जाणवते आणि ते एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ हे संप्रेरक जास्त सोडतं. पहिल्या एकदोन दिवसांतच त्याची पातळी वर जाते. त्या हुकमावर अस्थिमज्जा लाल पेशी वाढवते, पण हे काम काही आठवड्यांचं असतं.

अडचण अशी, की ज्या विरळ हवेमुळे रक्त सुधारतं, त्याच हवेत सराव मार खातो. खाली एक किलोमीटरचे रिपीट, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत पुन्हा पुन्हा पळायचे वेगाचे टप्पे, ज्या वेगाने मारता येतात, तो वेग २५०० मीटरवर टिकत नाही. दम आधी लागतो, पाय मात्र पूर्ण ताकद लावतच नाहीत. महिनाभर असं चाललं, की रक्त वाढलेलं असतं आणि वेगाची सवय मोडलेली असते.

बेंजामिन लेव्हाइन आणि जेम्स स्ट्रे-गुंडरसन या अमेरिकी संशोधकांनी यावर साधा तोडगा तपासून पाहिला : राहायचं वर, पळायचं खाली. त्यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आजही या विषयाचा पाया आहे. त्यांनी ३९ स्पर्धक धावपटूंचे तेरा-तेराचे तीन गट केले. पहिला गट युटामध्ये २५०० मीटरवर राहिला आणि त्याच सुमाराच्या उंचीवर पळाला. दुसरा तिथेच राहिला, पण सरावाला खाली १२५० मीटरवर, सॉल्ट लेक सिटीत उतरला. तिसऱ्याने राहणं आणि सराव दोन्ही समुद्रसपाटीजवळ, सॅन डिएगोत केलं. हा तिसरा गट फार महत्त्वाचा. कॅम्पला गेलं की झोप, जेवण आणि सराव यांना शिस्त येते आणि नुसत्या तेवढ्यानेही वेळ सुधारू शकते. म्हणून त्यालाही घरापासून दूर, तसाच कॅम्प देण्यात आला.

चार आठवड्यांनंतर वर राहिलेल्या दोन्ही गटांत लाल पेशींचं एकूण वस्तुमान सुमारे ९ टक्क्यांनी आणि ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. पण ५००० मीटरची वेळ सुधारली फक्त वर राहून खाली पळणाऱ्यांची, सरासरी १३ सेकंदांनी. म्हणजे दीड टक्क्याच्या आतच. हौशी धावपटूला हे किरकोळ वाटेल, पण ५००० मीटरच्या मोठ्या शर्यतीत पहिल्यानंतरच्या १३ सेकंदांत बरेच धावपटू शर्यत संपवतात.

मात्र या प्रयोगात एक फट आहे, आणि ती बुजवणं अवघड आहे. आपण डोंगरावर आहोत हे धावपटूला दिसतं. तिथे राहून फायदा होणार हेही त्याने ऐकलेलं असतं. त्या विश्वासाचा वाटा वेगळा काढायचा, तर हवा विरळ आहे की साधी, हे धावपटू आणि तपासणारे दोघांपासूनही लपवावं लागतं. डोंगरावर ते शक्य नाही. खोलीत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन कमी केला, तर शक्य आहे.

क्रिस्टोफ सिबेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. १६ सायकलपटू चार आठवडे, दिवसाचे १६ तास अशा खोल्यांमध्ये राहिले. दहा जणांच्या खोलीत ३००० मीटरसारखी हवा होती, सहा जणांच्या खोलीत साधी. कोणाला काय मिळतंय हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी विरळ हवेतल्या गटाचं ना हिमोग्लोबिन वाढलेलं दिसलं, ना सायकलची वेळ सुधारली. गट लहान होता आणि दिवसातले १६ तास खोलीत कोंडून राहणं म्हणजे डोंगरावर हिंडणं-फिरणं नव्हे, हे आक्षेप रास्त आहेत. तरी माझ्या मते हा निकाल बाजूला सारता येत नाही. रक्तवाढ अनेक अभ्यासांमध्ये दिसली आहे, पण तिच्यापायी वेळ किती सुधारते याचा पुरावा तितका भक्कम नाही.

रक्तवाढीचा हिशेब मात्र बऱ्यापैकी मांडता येतो. अनेक अभ्यास एकत्र केल्यावर ढोबळ आकडा निघाला तो असा : उंचावरच्या दर १०० तासांमागे हिमोग्लोबिनचं एकूण वस्तुमान सुमारे १.१ टक्क्याने वाढतं. समजा, एका धावपटूच्या अंगात एकूण ९०० ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. तो २८ दिवस, रोज १४ तास वर राहिला तर ३९२ तास भरतात, आणि वाढ होते साधारण ३९ ग्रॅम. तोच घरी ऑक्सिजन कमी केलेल्या तंबूत रोज आठ तास झोपला तर २२४ तास होतात, आणि वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास. मोजण्याच्या पद्धतीतच दोनेक टक्क्यांची चूक राहू शकते, त्यामुळे एकट्या धावपटूच्या बाबतीत ही वाढ खरी की मोजमापातला फरक, हे ठरवणंच कठीण.

इथे लॅबच्या रिपोर्टनेही फसगत होते. वर गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १४ वरून १५ वर गेलेलं दिसतं आणि प्रशिक्षक खूश होतो. प्रत्यक्षात एकही लाल पेशी वाढलेली नसते, रक्त फक्त दाट झालेलं असतं. खरी वाढ कळायला एकूण वस्तुमान मोजावं लागतं. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची अगदी थोडी, मोजून घेतलेली मात्रा श्वासातून देऊन ती रक्तात किती पसरली ते पाहतात. हे काम तज्ज्ञांच्या प्रयोगशाळेतच करायचं.

दुसरी फसगत लोहाची. लाल पेशी बनवायला लोह लागतं, आणि साठा रिकामा असेल तर ईपीओचा हुकूम येऊनही कारखाना चालत नाही. लेव्हाइन आणि स्ट्रे-गुंडरसन यांच्याच आधीच्या कामात, फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, कमी असलेल्या धावपटूंच्या लाल पेशी उंचावर राहूनही वाढल्या नव्हत्या. आपल्याकडे लोहाची कमतरता सर्रास आढळते, विशेषतः मुलींमध्ये. त्यामुळे कॅम्पच्या काही आठवडे आधी फेरिटिन तपासणं हा मला यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च वाटतो. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच, कारण जास्तीचं लोहही घातक असतं.

उंची किती हवी, याचंही उत्तर शोधलं गेलं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात धावपटूंना चार वेगवेगळ्या उंचींवर ठेवलं, तेव्हा वेळ सुधारली ती सुमारे २१०० आणि २४५० मीटरवर राहिलेल्यांची. १८०० मीटरच्या जवळपास आणि २८०० मीटरवर राहिलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. या हिशेबाने महाबळेश्वर जेमतेम १३५० मीटरचं, आणि कळसूबाईचं शिखरसुद्धा १६४६ मीटरच. थंड हवेत भरपूर पळायला महाबळेश्वर उत्तम, पण रक्त वाढवायला महाराष्ट्रात पुरेशी उंच जागा नाही. त्यासाठी उटी गाठावी लागते, किंवा हिमाचलमधलं शिलारू, जिथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. पण तिथे राहून रोज सरावाला हजारभर मीटर खाली उतरायचं म्हणजे घाटरस्त्याने तास न् तास गाडीत जाणार. म्हणून बरेच प्रशिक्षक तडजोड करतात : सोपं, संथ पळणं वरच, आणि आठवड्यातले एकदोन वेगाचे सराव तेवढे खाली.

खाली परतल्यावर वाढलेलं हिमोग्लोबिन काही आठवड्यांत मूळ पातळीकडे उतरू लागतं. त्यामुळे शर्यतीची तारीख आधी पक्की करून कॅम्प तिच्यापासून मागे मोजत आखावा लागतो.