खंडित मागणी (सुट्या भागांची)

काही सुट्या भागांना बहुतेक कालखंडांत मागणीच येत नाही. आली तर ती एक-दोन नगांची असते आणि कधी येईल ते ठरलेले नसते. अशा मागणीला खंडित मागणी म्हणतात. पंपाचे सील, बेअरिंग, विमानाचे भाग यांच्या भांडार नोंदवहीत महिन्यामागून महिने शून्य दिसते. दोन मागण्यांमधील सरासरी अंतर १.३२ कालखंडांपेक्षा जास्त, पण नगसंख्येतील चढउतार कमी असेल, तर मागणी खंडित धरण्याचा प्रघात आहे. चढउतारही मोठे असतील तर तिला ढेकळी मागणी म्हणतात. ही सीमा सिंटेटोस, बॉयलन आणि क्रॉस्टन यांच्या २००५ मधील वर्गीकरणातून आली असून ती ढोबळ मानावी.

एका पंपाच्या मेकॅनिकल सीलचे काल्पनिक वर्ष असे: ०, ०, ३, ०, ०, ०, १, ०, ०, ०, ०, २. बारा महिन्यांत सहा नग गेले, म्हणजे महिन्याला सरासरी अर्धा नग.

नेहमीच्या एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगमध्ये जुना अंदाज दर महिन्याला नव्या मागणीकडे, दोहोंतील फरकाच्या आल्फा या ठरावीक अंशाइतका सरकवतात; ते येथे चुकते. ०.५ चा चालू अंदाज तिसऱ्या महिन्यात तीन नग जाताच, आल्फा ०.१ धरल्यास, ०.७५ वर चढतो आणि पुढच्या शून्यांबरोबर ओसरत जातो. भांडारपाल साठा पाहतो तो बहुधा नग दिल्यानंतर, म्हणजे नेमका अंदाज सर्वांत फुगलेला असताना. हा दोष जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये ‘ऑपरेशनल रिसर्च क्वार्टर्ली’त दाखवला. त्यांचा उपाय असा: एका मागणीतील नगसंख्या आणि दोन मागण्यांमधील अंतर वेगवेगळे स्मूद करायचे, तेही फक्त मागणी आलेल्या महिन्यात, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. सुरुवातीला नगसंख्या २ आणि अंतर ४ धरले, तर तीन नगांनंतर ती अनुक्रमे २.१ आणि ३.९ होतात आणि अंदाज ०.५४ येतो. वर्षअखेरीस तो ०.४९५ असतो.

क्रॉस्टन यांच्या काही सूत्रांतील चुका राव यांनी १९७३ मध्ये दुरुस्त केल्या. मूळ दोष मात्र २००१ मध्ये सिंटेटोस व बॉयलन यांनी मांडला: अंदाज सरासरीने जास्तच येतो. कारण भागाकारात आहे. अंतरे २ आणि ६ अशी आलटून पालटून आली तर त्यांची सरासरी ४ आणि तिचा व्यस्त ०.२५, पण १/२ आणि १/६ यांची सरासरी ०.३३ भरते. बदलत्या अंतराच्या अंदाजाने भागताना हाच फरक अंदाजात शिरतो. म्हणून आल्फाची निम्मी किंमत १ मधून वजा करून येणाऱ्या संख्येने गुणण्याची दुरुस्ती त्यांनी सुचवली. वरच्या उदाहरणात ०.९५ ने, म्हणजे अंदाज ०.४७. शेन्स्टन आणि हिंडमन यांनी २००५ मध्ये दाखवले, की क्रॉस्टन पद्धतीमागे धरता येणाऱ्या प्रारूपांत ऋण मागणीही शक्य ठरते, आणि अशी मागणी वास्तवात नसते. व्यवहारात दुरुस्त रूपच अधिक स्वीकारार्ह दिसते.

अचूकतेचे माप हा यातला अधिक फसवा भाग. टक्केवारी त्रुटीत प्रत्यक्ष मागणीने भागावे लागते, त्यामुळे नऊ महिन्यांत ती काढताच येत नाही. निरपेक्ष त्रुटीची सरासरी काढता येते, पण ती उलटा कौल देते. दरमहा ०.५ हा अंदाज धरला तर त्रुटींची बेरीज ९ (सरासरी ०.७५) भरते, आणि ‘कायम शून्य’ धरले तर ६ (सरासरी ०.५). म्हणजे भांडार रिकामे ठेवणारा अंदाज जिंकतो. निरपेक्ष त्रुटी सर्वांत कमी करणारा आकडा म्हणजे मध्यक, आणि निम्म्याहून जास्त महिने शून्य असताना मध्यकही शून्यच. हिंडमन यांनी २००६ मध्ये पुरस्कारलेले ‘मेझ’ हे माप ‘मागच्याइतकेच पुढे’ या साध्या अंदाजाच्या त्रुटीने भागते. त्यामुळे शून्याने भागण्याची अडचण बहुधा टळते, पण मध्यकाची ओढ तशीच राहते. वर्गत्रुटी, म्हणजे त्रुटींच्या वर्गांची सरासरी, मागणीच्या सरासरीकडे नेते: येथे शून्याची १.१७, तर ०.५ ची ०.९२. म्हणून वर्गत्रुटी आणि तिच्याबरोबर संचित चूक (अंदाज वजा मागणी यांची चालू बेरीज) पाहणे बरे. शून्य अंदाजाची ही बेरीज वर्षअखेरीस उणे ६ वर पोहोचते आणि लबाडी उघडी पडते.

टॉयंटर आणि डंकन यांनी २००९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या भागांवर केलेल्या तुलनेतही पारंपरिक मापे शून्य अंदाजाला झुकते माप देताना दिसली. पद्धती साठा आणि सेवापातळी, म्हणजे मागणी किती वेळा साठ्यातून भागते, यांवरून तपासाव्यात असा त्यांचा कल होता. सील यायला दोन महिने लागत असतील तर विचारायचे ते त्या दोन महिन्यांत किती नग जातील. नग एकेक करून स्वतंत्रपणे जातात असे मानणाऱ्या पॉयसन वितरणाने, सरासरी १ धरल्यास, दोन नगांचा साठा सुमारे ९२ टक्के वेळा पुरतो. पण वरच्या वर्षातील लागोपाठच्या दोन-दोन महिन्यांच्या अकरा बेरजांपैकी दोन ३ भरतात, म्हणजे प्रत्यक्षात तो अकरापैकी नऊ वेळाच पुरला. नग एकगठ्ठा जात असल्याने पॉयसन आशावादी ठरते. अर्थात एका वर्षाच्या नोंदीवर फार भिस्त ठेवता येत नाही.

पंप मोडीत निघाला तर क्रॉस्टनचा अंदाज मात्र जागचा हलत नाही, कारण मागणी आल्याशिवाय तो बदलतच नाही. टॉयंटर, सिंटेटोस आणि बाबाई यांच्या २०११ मधील पद्धतीत मागणी येण्याची संभाव्यता दर महिन्याला, शून्य असले तरी, अद्ययावत होते आणि अंदाज हळूहळू खाली येतो.