निलयात येणारं दार आणि निलयातून जाणारं दार

उजवं अलिंद, त्रिदली झडप, उजवं निलय, फुप्फुस धमनी, फुप्फुसं, फुप्फुस शिरा, डावं अलिंद, द्विदली झडप, डावं निलय, महाधमनी. ‘रक्ताचा मार्ग लिहा’ या प्रश्नाला आठवीतली मुलं हा क्रम धडाधड लिहितात आणि त्यांना पूर्ण गुणही मिळतात. पण या उत्तरात हृदयाच्या चारपैकी दोनच झडपा आल्या आहेत. उजव्या निलयातून फुप्फुस धमनी निघते तिथे एक झडप असते आणि डाव्या निलयातून महाधमनी निघते तिथे दुसरी. दोन्ही अर्धचंद्राकृती. त्या यादीत आल्या नाहीत तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही, आणि खरा गोंधळ इथूनच सुरू होतो.

बाकीचे गोंधळ लहान आहेत. द्विदली कुठली आणि त्रिदली कुठली? द्विदली डावीकडे. धमनीत नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त असतं का? नाही, धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, म्हणून फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. आकृतीतली डावी बाजू आपल्या उजव्या हाताला का? कारण समोरच्या माणसाचं हृदय काढलेलं असतं. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. प्रत्येक निलयाला दोन दारं असतात. एक अलिंदाकडून आत येण्याचं, दुसरं धमनीकडे बाहेर जाण्याचं. दोघांचंही काम पुस्तकात एकाच वाक्यात संपवलेलं असतं: ‘रक्ताला उलट दिशेने जाऊ देत नाही.’ वाक्य खरं आहे, पण त्यामुळे दोन्ही झडपा सारख्याच वाटू लागतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या उलट वागतात. एक उघडी असते तेव्हा दुसरी बंद असते. निरोगी हृदयात एकाच निलयाची दोन्ही दारं एकदम उघडी कधीच नसतात.

मुलांचा समज मात्र वेगळा असतो. वर्गात विचारा, “डावं निलय आकुंचन पावतं तेव्हा द्विदली झडप उघडी की बंद?” निम्म्याहून जास्त हात ‘उघडी’ला वर जातात. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “दोन्ही संगेच उघडतस ना सर?” त्यात पोराचा दोष नाही. बाणांची आकृती पाहिली की रक्त एका दमात सगळ्या दारांतून वाहत गेल्यासारखंच दिसतं.

यात भर पडते आपल्याकडच्या लाडक्या उदाहरणाची. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात शिकवणारा जवळजवळ प्रत्येक जण हृदयाला विहिरीवरच्या मोटरीची उपमा देतो: खाली फुटव्हॉल्व्ह, वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मध्ये पंप. हे उदाहरण मला अजिबात मान्य नाही. मोटर चालू असते तोवर ते दोन्ही व्हॉल्व्ह उघडेच असतात आणि पाणी अखंड वाहतं. हृदय असं चालत नाही. त्यापेक्षा गावातला हापसा दाखवा. दांडा खाली दाबला की आतला दट्ट्या वर चढतो, तळाची झडप उघडते आणि दट्ट्यातली बंद असते. दांडा वर सोडला की तळाची मिटते आणि दट्ट्यातली उघडते. दोन झडपा, आळीपाळीने. मुलाला नेमकं हेच कळायला हवं.

डाव्या निलयाचा एकच ठोका सावकाश पाहू. विश्रांतीत मिनिटाला साधारण ७५ ठोके पडतात, म्हणजे एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद. सुरुवातीला निलय सैल आहे. त्यातला दाब अलिंदातल्यापेक्षा किंचित कमी, म्हणून द्विदली झडप उघडी आणि रक्त आत येतंय. यातलं बरंचसं रक्त अलिंद आकुंचन पावण्याआधीच आपोआप उतरलेलं असतं. अलिंद शेवटी थोडी भर घालतं. या सगळ्या वेळात महाधमनीची झडप बंद असते, कारण महाधमनीत पाऱ्याच्या सुमारे ८० मिलिमीटर इतका दाब आहे आणि निलयात १० च्या आसपास.

मग निलय आकुंचन पावायला लागतं. दाब अलिंदापेक्षा वाढला की रक्त मागे सरकू पाहतं आणि त्याच धक्क्याने द्विदली झडप मिटते. छातीवर कान ठेवल्यावर ऐकू येणारा पहिला आवाज, ‘लब्’, इथला. आता दोन्ही दारं बंद आहेत. रक्त आत कोंडलेलं, आकारमान तेवढंच, फक्त दाब चढतोय. तो ८० च्या पुढे गेला की महाधमनीची झडप उघडते आणि सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. दाब १२० पर्यंत जातो. मग निलय सैलावतं, दाब महाधमनीतल्या दाबाच्या खाली येतो, रक्त परतू पाहतं आणि अर्धचंद्राकृती झडप मिटते. तो दुसरा आवाज, ‘डब्’. पुन्हा क्षणभर दोन्ही बंद, आणि दाब अलिंदापेक्षा खाली गेला की द्विदली उघडते.

या साऱ्यात झडपेने स्वतः काहीच केलं नाही. ती स्नायूच्या जोराने उघडत नाही, मिटतही नाही. दोन बाजूंच्या दाबातला फरक तिला हलवतो. म्हणून ‘झडप उघडते व रक्त पुढे ढकलते’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की मी त्याखाली लाल रेघ मारतो. ढकलतं ते निलय.

दोन दारांची बांधणीही याच कामाला जुळलेली आहे. द्विदली-त्रिदली झडपांच्या पाळ्यांना खालून बारीक, चिवट दोऱ्या असतात आणि त्या निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंना बांधलेल्या असतात. या दोऱ्या झडप ओढून बंद करतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. मिटलेल्या पाळ्या निलयातल्या दाबाने अलिंदात उलट्या पडू नयेत म्हणून त्या ताणून धरतात. अर्धचंद्राकृती झडपांना अशा दोऱ्या नसतात. त्यांच्या पाळ्या खिशांसारख्या असतात. परतणारं रक्त त्या खिशांत भरतं, ते फुगून एकमेकांना टेकतात आणि वाट बंद होते.

उजवीकडेही हेच चालतं, त्याच वेळी. दाब मात्र बराच कमी, साधारण २५ पर्यंत, कारण रक्ताला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच जायचं असतं. ‘आधी उजवी बाजू, मग डावी’ हा क्रम एका थेंबाच्या प्रवासाचा आहे, हृदयाच्या कामाचा नाही. एखादा थेंब ज्या ठोक्याला उजव्या निलयातून निघाला, त्याच ठोक्याला डावं निलय दुसरंच रक्त महाधमनीत पाठवतं. आपला थेंब फुप्फुसांतून फिरून काही ठोक्यांनी डाव्या अलिंदात पोचतो.

म्हणून ‘झडपांचे कार्य स्पष्ट करा’ असं विचारण्यापेक्षा मी वेगळा प्रश्न घालतो: द्विदली झडप नीट मिटत नसेल तर रक्त केव्हा, कुठे गळेल आणि जादा आवाज कधी येईल? महाधमनीची झडप गळत असेल तर? पहिलीचं उत्तर: निलय आकुंचन पावताना रक्त डाव्या अलिंदात परततं, म्हणून फुसफुस लब् आणि डब् यांच्या मध्ये ऐकू येते. दुसरीचं: निलय सैल असताना महाधमनीतलं रक्त निलयात परततं, म्हणून फुसफुस डब् नंतर येते. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर संधिवाताचा ताप आला तर डाव्या बाजूची द्विदली झडप सर्वांत जास्त वेळा बिघडते. स्टेथोस्कोप लावल्यावर जादा आवाज लब् आणि डब् यांच्या मध्ये येतो की डब् नंतर, यावरून डॉक्टर कुठल्या दाराकडे बोट दाखवायचं ते ठरवू लागतात.