तीन सुरुवाती, दोन शेवट: एकाच जाहिरातीच्या सहा आवृत्त्यांची पार्श्वभूमी

तीस सेकंदांची जाहिरात हल्ली अनेकदा तुकड्यांत शूट होते. मधला भाग, ज्याला एडिटर 'बॉडी' म्हणतात, एकदाच घेतला जातो. पहिले तीन-चार सेकंद, म्हणजे हूक, तीन वेगवेगळ्या प्रकारे आणि शेवटचे पाच सेकंद दोन प्रकारे घेतात. तीन गुणिले दोन, अशा सहा फाइली एडिट टेबलवरून बाहेर पडतात आणि त्यांची नावं `H1_B1_E1` पासून `H3_B1_E2` पर्यंत असतात. आठवड्याने रिपोर्ट उघडून कोणीतरी म्हणतं, "H2 जिंकला." या एका वाक्यामागे बराच इतिहास आहे, आणि त्यातला काही भाग सोयीस्करपणे विसरला गेला आहे.

फाइलच्या नावात खूण दडवण्याची युक्ती टपालाच्या काळातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने माल विकणारे आपल्या पत्त्यात एखादा खोटा विभाग क्रमांक घालत. एका जाहिरातीत 'विभाग 12', दुसरीत 'विभाग 14'. आलेल्या पाकिटावरचा आकडा पाहिला की कोणत्या जाहिरातीने ते पत्र आणलं हे कळायचं. अडचण एवढीच होती की एक जाहिरात या महिन्यात आणि दुसरी पुढच्या महिन्यात, किंवा वेगळ्याच वर्तमानपत्रात छापलेली असायची. मग फरक मथळ्याचा, महिन्याचा की वाचकांचा, हे सांगणार कसं?

यावर छापखान्याने काढलेला तोडगा फार देखणा होता. एकाच दिवसाच्या, एकाच पानावरच्या, एकाच जागेसाठी दोन वेगळ्या प्लेट लावायच्या. छपाई यंत्रातून एक प्रत पहिल्या मथळ्याची आणि पुढची दुसऱ्या मथळ्याची निघायची. गठ्ठ्यात प्रती आपोआप आलटून-पालटून बसायच्या, म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांत दोन वेगळ्या जाहिराती पडायच्या. कोणती प्रत कोणाच्या हाती जाईल हे ठरवायला कोणी नव्हतं. याला 'स्प्लिट रन' म्हणत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टपाल-विक्रीच्या धंद्यात ती पद्धत चांगली रुळली. मथळा बदलायचा आणि खालचं कुपन शक्यतो तसंच ठेवायचं, कारण मोजमाप कुपनवर चालायचं. सुरुवात बदला, शेवट स्थिर ठेवा, हा प्रघात तिथून आला.

टेलिव्हिजनचा काळ या बाबतीत जरा गरीबच गेला. दूरध्वनी क्रमांक बदलून कोणत्या वाहिनीवरून फोन आले ते मोजता यायचं. 1980 च्या आसपास काही निवडक शहरांत केबलमधून शेजारच्या दोन घरांना वेगळ्या जाहिराती दाखवून त्यांची किराणा खरेदी स्कॅनरवर नोंदवण्याचे प्रयोगही झाले. प्रयोग नेटके होते, पण महिनोन्‌महिने चालायचे आणि फिल्म महाग असल्याने सहा आवृत्त्या करण्याचा प्रश्नच नव्हता.

आजच्या अर्थाचा हूक जन्माला आला तो दोन छोट्या बदलांमुळे. 2010 च्या अखेरीस एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळाने पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळायचं बटण दिलं. 2013 मध्ये एका मोठ्या सोशल फीडमध्ये व्हिडिओ आपोआप आणि आवाजाविना सुरू होऊ लागले. आता जाहिरात थांबवायला बटणही दाबावं लागत नव्हतं, अंगठा वर सरकवला की झालं. टेलिव्हिजनसाठी शिकलेले लोक तोवर पहिल्या सेकंदांत वातावरणनिर्मिती करत आणि वस्तू शेवटी दाखवत. ती रचना इथे उलटी पडली.

मग या पहिल्या क्षणांना मोजायला आकडा लागला. तीन सेकंद व्हिडिओ पाहिला तर 'व्ह्यू' धरायचा, असं फीडने ठरवलं. त्याला इम्प्रेशनने, म्हणजे जाहिरात एकूण जितक्या वेळा दिसली त्या आकड्याने, भागलं की 'हूक रेट'. तीनच का, याचं मानसशास्त्रातलं काही भक्कम कारण नाही, ती मोजणीची सोय होती. त्याच सुमारास उद्योगाच्या एका मानकाने व्हिडिओ जाहिरात 'दिसली' म्हणायला निम्मी चौकट सलग दोन सेकंद पडद्यावर असणं पुरेसं मानलं. शिवाय 2016 मध्ये त्या फीडलाच कबूल करावं लागलं की सरासरी पाहणीचा वेळ फुगवून दाखवला जात होता, कारण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले लोक सरासरीत धरलेच जात नव्हते. म्हणजे हूकमध्ये हरलेले प्रेक्षक हिशेबातूनच गायब होते. एवढं होऊनही हूक रेट हा शब्द आज शाळेच्या गुणांसारखा वापरला जातो.

खरा गोंधळ मात्र हूकपेक्षा 'ए/बी टेस्ट', म्हणजे दोन आवृत्त्या लावून त्यांची तुलना करणं, या शब्दाचा आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं.

सहा आवृत्त्या लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सहाही एकाच ॲड सेटमध्ये, म्हणजे एकाच प्रेक्षकवर्गासाठीच्या जाहिरातींच्या गटात, टाकायच्या आणि बजेट सर्वांना मिळून द्यायचं. यात कोणती आवृत्ती किती दाखवायची ते प्लॅटफॉर्मची यंत्रणा ठरवते. सुरुवातीच्या थोड्याशा प्रतिसादावरून ती अंदाज बांधते आणि बजेट एकीकडे वळवते. दोन दिवसांनी रिपोर्टमध्ये `H2_B1_E1` समोर 41,000 इम्प्रेशन आणि `H3_B1_E2` समोर 900 असं चित्र दिसणं अगदी नेहमीचं आहे. याला लोक टेस्ट म्हणतात. पण 900 वेळा दिसलेली आवृत्ती हरलेली नसते, तिची पाळीच आलेली नसते. ज्यांना फक्त विक्री हवी आहे त्यांचा या पद्धतीला आक्षेप नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे: यंत्रणा पैसे वाचवते. मात्र त्यातून सुरुवातींची तुलना हाती लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे प्लॅटफॉर्मनेच देऊ केलेली स्प्लिट टेस्ट. 2017 च्या सुमारास ती सामान्य जाहिरातदारांच्या हाती आली. प्रेक्षकांचे यादृच्छिक गट पाडले जातात, एका गटाला एकच आवृत्ती मिळते आणि बजेट समान असतं. कागदावर ही छापखान्याच्या दोन प्लेटचीच आठवण करून देते. फरक एका पायरीवर आहे. गट यादृच्छिक असला तरी गटातल्या प्रत्येकाला जाहिरात दिसत नाही. गटातून कोणाला दाखवायची हे पुन्हा यंत्रणाच निवडते, आणि ती निवड जाहिरातीच्या मजकुराकडे, चित्राकडे पाहून होते. हसऱ्या तरुण चेहऱ्याने सुरू होणारी आवृत्ती एका वयोगटाकडे सरकते आणि आकडेवारीने सुरू होणारी दुसऱ्याकडे. जाहिरातदाराने काहीही न सांगता केवळ चित्रामुळे प्रेक्षक बदलतात, हे 2019 पासूनच्या प्रकाशित संशोधनात दाखवलं गेलं आहे.

त्यामुळे 'H2 जिंकला' याचा नेमका अर्थ असा की H2 आणि यंत्रणेने H2 साठी शोधलेली माणसं, या जोडीने बाजी मारली. त्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच उद्दिष्टाने जाहिरात पुढे चालवायची असेल तर हा निकाल वापरायला हरकत नाही. पण तेच पहिलं वाक्य उचलून रेडिओवर किंवा होर्डिंगवर न्यायचं, कारण 'ते टेस्टमध्ये सिद्ध झालंय', हे चूक आहे. प्रेक्षक असे बदलले आहेत का ते ओळखणंही अवघड नाही. रिपोर्टमध्ये दोन्ही आवृत्त्यांची वय, लिंग आणि जागेनुसार फोड काढायची. एकीचे साठ टक्के इम्प्रेशन पंचविशीच्या आतल्यांना आणि दुसरीचे पंचवीस टक्के, असं दिसलं तर तुलना वाक्यांची राहिलेली नाही. असं असूनही ही फोड निकाल जाहीर होण्याआधी क्वचितच उघडली जाते.

आता शेवटांकडे. एक उदाहरण घेऊ, आकडे समजुतीसाठी. भाषा शिकवणाऱ्या ॲपची जाहिरात आहे. H1 मध्ये प्रश्न, H2 मध्ये फसलेला संवाद, H3 मध्ये थेट ॲपची स्क्रीन. E1 चा शेवट 'पहिला धडा मोफत' आणि E2 चा 'तुमची पातळी तपासा'. सहाही आवृत्त्या प्रत्येकी 10,000 वेळा दाखवल्या. H1 ला दर दहा हजारांत 2,700 जण तीन सेकंद थांबले, H2 ला 3,000. हा फरक नशिबाचा म्हणता येणार नाही इतका मोठा आहे. हूकचा निकाल लवकर लागतो, कारण जाहिरात दिसलेला प्रत्येक माणूस त्यात मोजला जातो.

शेवटापर्यंत मात्र दर दहा हजारांतले सहाशे पोचले. त्यांतल्या तीस जणांनी E1 नंतर क्लिक केलं, चोवीस जणांनी E2 नंतर. तीस आणि चोवीस यांत सहाचा फरक आहे, पण एवढ्या छोट्या आकड्यांत सातेक इकडेतिकडे नुसत्या योगायोगानेही होतात. 1920 च्या दशकात शेतीच्या प्रयोगांतून आलेली एक युक्ती इथे उपयोगी पडते: हूक वेगळे असले तरी E1 च्या तिन्ही आवृत्त्यांची बेरीज करायची, E2 च्याही करायची. झाले 90 विरुद्ध 72. तरीही खात्री नाही. हेच प्रमाण टिकलं आणि इम्प्रेशन दुप्पट झाले, म्हणजे 180 विरुद्ध 144, तेव्हा कुठे E1 बरा आहे असं म्हणायला तोंड उघडता येतं. आणि ही बेरीज तेव्हाच चालते जेव्हा प्रत्येक हूक दोन्ही शेवटांना सारखंच वागवतो. 'फसलेला संवाद' पाहून आलेल्याला पातळी तपासण्यात जास्त रस असेल, तर बेरजेत नेमकं तेच पुसलं जातं.

2021 मध्ये एका मोबाईल प्रणालीने ॲपांना माग काढण्याआधी परवानगी मागणं बंधनकारक केलं आणि शेवटांची बाजू आणखी दुबळी झाली. क्लिकनंतर पुढे काय झालं याचे आकडे उशिरा, गोळाबेरजेत किंवा अंदाजाने भरून येऊ लागले. तीन सेकंदांचा आकडा प्लॅटफॉर्मच्या आतच मोजला जात असल्याने त्याला धक्का लागला नाही. साहजिकच मेहनत जिथे आकडा लवकर मिळतो तिकडे वळली. आज नियोजनाच्या तक्त्यात हूकचे आठ-आठ रकाने असतात आणि शेवटाचा बहुधा एकच.

ज्यांना शेवट खरोखर तपासायचा असतो ते दोन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत शेवट एकच ठेवून हूक निवडायचा, दुसरीत तो हूक कायम ठेवून सगळं बजेट दोन शेवटांवर लावायचं. त्यासाठी शूटिंगच्या दिवशीच एक काळजी घ्यावी लागते. प्रत्येक हूकचं शेवटचं वाक्य आणि बॉडीचं पहिलं वाक्य कोणत्याही जोडीत सांधता आलं पाहिजे. 'म्हणूनच' या शब्दाने सुरू होणारी बॉडी एका हूकला चपखल बसते आणि उरलेल्या दोघांना लंगडं करते. मग रिपोर्टमध्ये H1 आणि H3 हरतात, आणि दोष हूकचा की त्या सांध्याचा, हे फाइलच्या नावावरून कळत नाही.