गोंधळ्याचा उलट सवाल : एका कथेची पार्श्वभूमी

कथा थोडक्यात अशी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात पीएचडी करणारी एक मुलगी म्हाताऱ्या गोंधळ्याला भेटायला जाते. त्याला सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून तीही आबाच म्हणते. तिच्याकडे छापील प्रश्नावली आहे, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू आहे. नाव, वय, पोटजात, कुलदैवत, लग्न कसं लागतं, मयत पुरतात की जाळतात, असे प्रश्न ती विचारत जाते. आबा पहिल्या पानापुरते बोलतात आणि मग तिलाच विचारतात, "हे सगळं लिहून काय होणारंय बाई? मागं साहेब लोक आले होते, त्यांनीबी हेच विचारलं. तू कुणाकडून आलीस?"

या प्रश्नावर कथा अडते ती शेवटपर्यंत. वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारा तिरकस आहे, किंवा शहाणा आहे आणि पोरीला धडा देतोय. दोन्ही नाही. तो साधी चौकशी करतोय, आणि त्या चौकशीला शंभर वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे.

1901 मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानभर जातीजमातींची पाहणी करायचं ठरवलं. त्या वेळचे जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांच्याकडे तिची सूत्रं होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातल्या जातींवरचा इंग्रजी ग्रंथ 1920 मध्ये मुंबईत छापला गेला आणि त्याचे कर्ते सय्यद सिराज उल हसन हे निजामाच्या हायकोर्टाचे न्यायाधीश होते. पलीकडे मुंबई इलाख्यात इंग्रज अधिकारी एन्थोव्हेन यांचे खंडही त्याच सुमारास निघत होते. या ग्रंथांचा साचा ठरलेला असे: उत्पत्तीची दंतकथा, पोटभेद, लग्न, जन्म, मृत्यू, देव, धंदा. माहिती बहुतेक वेळा हाताखालच्या अंमलदारांनी गोळा केलेली असायची. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला इंग्रजी येत नव्हतं. संस्थानचा कारभार उर्दूत चाले, तेही त्याला वाचता येत नव्हतं. छापलेलं पुस्तक त्याच्या हाती पडायचा प्रश्नच नव्हता.

हेच प्रश्न दुसऱ्यांदा आले ते फार वेगळ्या दारातून. गोंधळी समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या ‘ब’ गटात आहे आणि या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. भिक्षुकीसाठी गावोगाव हिंडणाऱ्याकडे सातबारा नसतो. शाळेत घातलेला पोरगा चौथीतच सुटलेला असतो आणि मास्तरनं रजिस्टरात ‘हिंदू मराठा’ असं सवयीनं लिहून टाकलेलं असतं. त्याआधीचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूतले किंवा मोडीतले. ते कुठल्या तहसीलच्या दप्तरात आहेत हेही घरात कुणाला ठाऊक नसतं. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकालीन नोंदी धुंडाळू लागली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या दप्तरांची आठवण झाली. भटक्यांच्या घरांत ही शोधाशोध त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

पुढे पडताळणी येते. 1994 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, माधुरी पाटील प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यांना आळा घालण्यासाठी कार्यपद्धती घालून दिली. समिती नेमायची, तिच्या हाताखाली पोलिसांचं दक्षता पथक द्यायचं आणि त्या पथकाने घरी जाऊन चौकशी करायची, अशी ती पद्धत. चौकशीत काय बघायचं तेही निकालात आहे: देव कुठला, विधी कोणते, चालीरीती काय, लग्न कसं लागतं, मयताचं काय करतात. रिस्लेच्या काळातली यादी इथे जवळजवळ तशीच उतरली आहे. फरक इतकाच, की आता उत्तर चुकलं तर नातवाची सीट जाते.

कथेत आबांच्या नातवाची फाइल पडताळणीत अडकलेली आहे. पथक येऊन गेलंय. आबांनी त्यांना सांगितलं, आमच्यात रेणुराई आणि कदमराई असे दोन पंथ, आम्ही कदमराई, तुळजाभवानीचे. साहेबानं विचारलं, मग घरात माहूरच्या रेणुकेचा टाक कसा? आबा म्हणाले, सासुरवाडीकडून आला. हे उत्तर कागदावर कसं उतरलं असेल, ही टोचणी त्यांच्या मनात आहे. आणि आता ही मुलगी समोर बसून विचारतेय, "आबा, तुमचं कुलदैवत कुठलं?" तिला कळत नाही म्हातारा एकदम सावध का झाला. वाचकाला कळावं, एवढ्यासाठी ही टीप.

तिसऱ्यांदा हे प्रश्न घेऊन आले ते आपलेच लोक. रा. चिं. ढेरे यांनी वासुदेव, गोंधळी, भुत्ये अशा उपासकांवर पुण्यात बसून फार मोलाचं लिहिलं. सरोजिनी बाबर यांच्या काळात राज्याच्या लोकसाहित्य समितीने गावोगावची गाणी जमवली. मराठवाड्यात विद्यापीठ झालं 1958 मध्ये, आणि छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. या मंडळींना गोंधळ्याबद्दल जिव्हाळा होता याबद्दल वाद नाही. पण तोवर एक गोष्ट ठरून गेली होती: गोंधळी सांगणार, दुसरा लिहिणार.

2009 च्या यूजीसी नियमांनी पीएचडीला प्रवेशपरीक्षा आणि कोर्सवर्क आणलं, प्रबंधाची प्रत इंटरनेटवर ठेवणंही आलं. 2016 च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून येण्याची अट होती, ती 2022 मध्ये गेली. प्राध्यापकीच्या शर्यतीत टिकायचं तर पीएचडी हवी, म्हणून विषय हवा, आणि मराठी विभागात लोकसाहित्याचा विषय हाताशी असतो. ‘स्वरूप आणि परिवर्तन’ हे शब्द लावले की शीर्षक तयार. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही. कथेतली मुलगी स्वतः वंजारी ऊसतोड मजुराच्या घरातली आहे आणि घरातली पहिलीच शिकलेली. तिला महिना सदतीस हजारांची फेलोशिप मिळते. आबा तिच्या तोंडून तो आकडा बरोबर काढून घेतात. मग हिशेब करतात, एका गोंधळाची सुपारी किती आणि ती चौघांत वाटली तर काय उरतं. हा प्रसंग पैशाच्या कडवटपणासाठी नाही. ‘तुला यातनं काय मिळतं’ याचं खरं उत्तर तिने पहिल्यांदा दिलं, म्हणून पुढचं बोलणं होतं.

आता मुलाखतीच्या खोलीत गोंधळाचं काय होतं ते पाहू, कारण आबांचा खरा आक्षेप तिथे आहे.

गोंधळ मांडताना पाटावर नवं कापड, त्यावर धान्याची रास, पाण्याचा कलश, देवीचा टाक, भोवती ज्वारीच्या ताटांचा किंवा उसाचा मांडव असा चौक भरतात. दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणं लागतं. मग आवाहन: तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, माहूरची रेणुका गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये. ही यादी पाठ असली तरी ती दर घरी वेगळी होते. ज्याच्या घरी गोंधळ, त्याचं कुलदैवत, त्याच्या शिवेवरची मरीआई, त्याच्या लेकीच्या सासरचा खंडोबा, हे सगळे तिच्यात येतात. पुढे आख्यान लागतं, तेव्हा नाईक कथा सांगतो आणि साथीदार मधेच वेड्यासारखे प्रश्न विचारून लोकांना हसवतो. त्या प्रश्नांवरच आख्यान लांबतं किंवा आटोपतं.

मुलगी म्हणते, "आबा, नुसतं आवाहन म्हणून दाखवा." आबा म्हणतात, "नुसतं कसं म्हणू? आईला बोलावलं की येती ती. हितं चौक नाही, यजमान नाही. आली तर बसवू कुठं?" ती आग्रह धरते तेव्हा ते एक छोटी, सगळीकडे चालणारी यादी म्हणून दाखवतात. तीच परिशिष्टात जाते. खोलीत घेतलेला पाठ ओळखता येतो. त्यात फक्त मोठी क्षेत्रं असतात, एकाही गावदेवीचं नाव नसतं, यजमानाचं कूळ नसतं आणि साथीदार गप्प असतो. प्रबंधांच्या परिशिष्टांतले बरेच गोंधळ असे वाचायला मिळतात. मग दोन जिल्ह्यांतल्या पाठांची तुलना करून ‘विलक्षण साम्य आढळते’ असा निष्कर्ष निघतो. साम्य असणारच, दोन्हीकडे मागणी एकच होती.

करपल्लवीची गोष्ट आणखी अवघड. गोंधळी बोटांच्या खुणांनी अक्षरं दाखवतात. लोकांतला कुणी एकाच्या कानात नाव सांगतो, तो खुणा करतो आणि समोर उभा असलेला साथीदार ते नाव मोठ्यानं सांगतो. लोक चकित होतात, ताटात पैसे पडतात. मुलीला प्रत्येक अक्षराच्या खुणेचा तक्ता हवा आहे, कारण मार्गदर्शकांनी सांगितलंय की यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल. आबा म्हणतात, "तक्ता केलास की कुणीबी पोरगं मोबाइलात बघून नाव सांगंल. मग आमच्याकडं कोण बघायलंय?" तिच्याकडे याला उत्तर नाही. संमतीपत्रावर सही घेता येते, पण सही एकट्या आबांची होईल. खुणा मात्र त्यांच्या भावकीतल्या, आज गावोगाव गोंधळ घालणाऱ्या सगळ्या पोरांच्या आहेत.

कथेत ती तक्ता घेत नाही. मार्गदर्शक चिडतात आणि प्रकरण चार पानांचं होतं. काही वाचकांना हा शेवट लेचापेचा वाटला. पण त्यानंतर आबा तिच्याकडे जे मागतात, ते बहुतेकांच्या नजरेतून निसटलं. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला पाच हजार मानधन देतं. अर्जासोबत कलेत किती वर्षं घालवली त्याचे पुरावे द्यावे लागतात: प्रमाणपत्रं, कात्रणं, पत्रं. रात्रभर लोकांच्या ओसरीवर गोंधळ घातलेल्या माणसाला प्रमाणपत्र कोण देणार? आबा म्हणतात, "तुझ्या त्या पुस्तकात माझं नाव, गाव आणि कवापासून संबळ वाजवतो ते लिही. वर विद्यापीठाचा शिक्का असू दे." तिच्या विभागाची पद्धत अशी की माहितीदारांची नावं बदलायची. परिशिष्टात आबा ‘माहितीदार क्र. 7’ आहेत. आता खरं नाव छापण्यासाठी आबांची वेगळी लेखी परवानगी घ्यायची, मार्गदर्शकांची सही घ्यायची आणि तालुक्याला अर्जाची मुदत संपायच्या आत ते पान शिक्का मारून आणायचं, एवढं काम तिच्यापुढे आहे.