डुकरांचं शेपटी चावणं: कंटाळ्याचा चावा आणि दाटीचा चावा

शेडमध्ये एखाद्या डुकराची शेपटी रक्ताळलेली दिसली की बहुतेक पालक म्हणतात, "मारामारी झाली." मारामारीच्या जखमा मात्र सहसा पुढच्या अंगाला असतात: खांद्यांवर, मानेवर, कानांवर लांब ओरखडे. अनोळखी डुकरं एकत्र सोडली की त्या होतात आणि कोण वरचढ ते ठरलं की दोन-तीन दिवसांत थांबतात. शेपटी चावणं आपोआप थांबत नाही, उलट वाढत जातं. चावणारं डुक्कर रागावलेलंही नसतं.

हे ओळखलं तरी खरा गोंधळ पुढे आहे. शेपटी चावण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक कंटाळ्यातून येतो, दुसरा दाटीतून. जखम झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगळे. दाटीच्या चाव्यावर कंटाळ्याचा उपाय केला तर पैसे जातात आणि चावणं तसंच राहतं.

आधी कंटाळा. डुक्कर जागेपणीचा बराच वेळ जमीन उकरण्यात घालवतं. 1980च्या दशकात स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळ संशोधकांनी पाळीव जातीची डुकरं झाडीत, मोकळ्या आवारात सोडून पाहिली. दिवसाच्या उजेडातला निम्म्याहून थोडा जास्त वेळ ती उकरण्यात आणि चरण्यात घालवत होती. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात वाढलेल्या जातीतही ही ओढ शाबूत होती. पोट भरलं म्हणून ती थांबत नाही. सिमेंटच्या कोऱ्या फरशीवर खाद्य पाच-दहा मिनिटांत संपतं आणि नाकाला पुढे काही उरत नाही. त्या कप्प्यात मऊ, हलणारी, चघळता येण्याजोगी एकच गोष्ट असते: शेजाऱ्याची शेपटी.

हा चावा सावकाश सुरू होतो. एखादं डुक्कर पडून असलेल्या सोबत्याची शेपटी तोंडात घेतं आणि बाजूच्या दातांनी हळूहळू चघळतं. ज्याची शेपटी आहे ते बऱ्याचदा हलतही नाही. हे बहुतेक दुपार उलटल्यावर दिसतं, कारण तेव्हा डुकरं पुन्हा उठून हालचाल करू लागतात. काही दिवस असं चाललं की टोकाचे केस जातात, कातडी ओलसर आणि लालसर होते, बारीक दातांचे ठसे उमटतात. मग एके दिवशी कातडी फुटते.

दाटीच्या चाव्याला अशी पूर्वतयारी नसते. सकाळी शेपटी धड असते, दुपारी तिचा तुकडा गेलेला असतो. मागचं डुक्कर पुढच्याची शेपटी पकडून हिसका देतं, ते किंचाळून बाजूला होतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागचं घुसतं. हे गव्हाणीपाशी, पाण्याच्या निपलपाशी किंवा उन्हाळ्यात ओल्या, थंड कोपऱ्यापाशी घडतं. इथे शेपटी हा वाट मोकळी करून घेण्याचा मार्ग असतो. आणि तो एकदा जमला की डुक्कर तो विसरत नाही.

दाटी म्हणजे फक्त कमी जागा, ही समजूत मला सगळ्यात महागात पडणारी वाटते. एक हिशेब करून पाहू. समजा कप्पा पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे, त्यात साधारण 60 किलोची 20 डुकरं आहेत. एकूण 15 चौरस मीटर, म्हणजे प्रत्येकाला पाऊण चौरस मीटर. युरोपीय संघाच्या नियमात 50 ते 85 किलोच्या डुकराला किमान 0.55 चौरस मीटर सांगितली आहे, म्हणजे कागदावर हा कप्पा पास आहे. आता गव्हाण पाहा. ती रुंदीच्या भिंतीला, तीन मीटर लांब. 60 किलोच्या डुकराला खांद्याला खांदा लावून उभं राहायला सुमारे 25 सेंटिमीटर लागतात. म्हणजे एका वेळी 12 डुकरं खाऊ शकतात, आठ मागे उभी राहतात. डुकरं सगळी एकाच वेळी खायला येतात, पाळ्या लावत नाहीत. खाद्य दिवसातून दोनदाच मिळत असेल तर रोज दोन वेळा आठ भुकेल्या डुकरांसमोर बारा शेपट्या रांगेत असतात. डुकरं शंभर किलोंची झाली की प्रत्येकाला 30 सेंटिमीटर लागतात, मग खाणारी 10 आणि मागची 10.

इथे पाचऐवजी सहा मीटर लांबीचा कप्पा बांधून फारसं साधणार नाही. समोरच्या भिंतीला तीन मीटरची दुसरी गव्हाण बसवली तर विसाच्या विसांना एकदम तोंड घालता येतं, तेही विक्रीच्या वजनापर्यंत. गव्हाणीवर डोक्यापासून खांद्यापर्यंत भरीव आडोसे घातले तर खाणारं डुक्कर शेजाऱ्याला ढकलू शकत नाही आणि कमी ताकदीचंही पोटभर खातं. पाण्याचं असंच: दहा डुकरांमागे एक निपल धरतात, पण दोन्ही निपल शेजारी-शेजारी बसवले तर एक दांडगं डुक्कर दोन्ही अडवतं. ते एकमेकांपासून लांब, गव्हाणीपासूनही लांब, लेंड टाकण्याच्या बाजूला हवेत. निपलमधून मिनिटाला लिटरभर पाणी येतं का, हे मोजपात्र धरून बघावं. धार बारीक असेल तर प्रत्येक डुक्कर जास्त वेळ अडकतं आणि रांग लांबते.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात यात भर पडते. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. पारा चढला की त्याला अंग पसरून, दुसऱ्याला न टेकता झोपायचं असतं आणि त्यासाठी जास्त जागा लागते. तीच 20 डुकरं थंडीत आरामात मावतात, मे महिन्यात मावत नाहीत. पंखे, छताची उंची आणि फरशीच्या एका भागावर पाण्याचा फवारा हा गारव्याचा उपाय आहेच, पण त्याने शेपट्याही वाचतात.

आपल्याकडच्या अनेक लहान शेडांत हॉटेलचं उरलेलं अन्न दिवसातून दोनदा एकदम ओतलं जातं. त्यात दोन्ही कारणं एकत्र येतात: ओतताना गर्दी, आणि अर्ध्या तासात संपल्यावर लांबलचक रिकामा दिवस. अशा ठिकाणी एकच रोग शोधत बसू नये.

ओळखायचं कसं? दोन वेळा पाहा: खाद्य टाकल्यावर दहा मिनिटं, आणि दुपार उलटल्यावर अर्धा तास, भिंतीआड उभं राहून. चावा गव्हाणीपाशी उभ्या डुकराला बसत असेल आणि ते किंचाळत असेल तर दाटी. पडलेल्या डुकराची शेपटी चघळली जात असेल तर कंटाळा. याहून लवकर कळण्याची खूण शेपटीच देते. निरोगी डुक्कर खाताना शेपटी वळवून वर ठेवतं. चावणं सुरू होण्याच्या काही दिवस आधीच खाली लोंबणाऱ्या किंवा मांड्यांत दाबलेल्या शेपट्या वाढतात, म्हणून खाण्याच्या वेळी मागून शेपट्या मोजाव्यात. आज एक खाली, उद्या चार, म्हणजे जखम दिसायची वाट पाहू नका.

रक्त आल्यावर हा फरक पुसला जातो. रक्ताची चव डुकरांना ओढते. आहारात मिठाची कमतरता असेल तर ही ओढ वाढते, म्हणून घरच्या खाद्यात मीठ घालायचं राहिलं नाही ना, हे पाहावं. तोपर्यंत गप्प असलेली डुकरंही चावू लागतात. अशा वेळी कारण शोधण्याआधी जखमी डुकराला त्याच दिवशी वेगळं काढा आणि पशुवैद्याला दाखवा. शेपटीच्या जखमेतून जंतू मणक्यात आणि फुफ्फुसात पोचतात. मागचे पाय लुळे पडणं आणि कत्तलीनंतर मांसात पुवाच्या गाठी निघणं, याचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. ज्याच्या तोंडाला रक्त आहे आणि जे एका शेपटीवरून दुसरीकडे जातं, ते चावणारं डुक्कर ओळखून तेही बाहेर काढा. ते नंतर जुन्या कप्प्यात सोडलं तर नव्याने मारामारी होते, तेव्हा त्याची वेगळी सोय आधीच ठरवलेली बरी.

कंटाळ्यावर काय चालतं, याची कसोटी सोपी आहे: वस्तू खाता यावी, चघळता यावी, नाकाने उलगडता यावी आणि तिचं रूप बदलत राहावं. टांगलेली लोखंडी साखळी किंवा चेंडू दोन-तीन दिवसांत जुना होतो. भाताचा पेंढा, कडबा, उसाचं वाडं, हत्ती गवत, केळीच्या खांबाचे तुकडे, तागाची गोणी, काथ्याचा दोर हे सगळं आपल्याकडे मिळतं. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात न कापलेल्या शेपट्यांच्या डुकरांना रोज प्रत्येकी 150 ग्रॅम पेंढा दिला, तेवढ्यानेही चावण्याचे प्रसंग कमी झाले. वीस डुकरांना तो तीन किलो होतो. एकदम टाकण्यापेक्षा सकाळी अर्धा, दुपारी अर्धा द्यावा, म्हणजे धोक्याच्या वेळी नवा असतो. जाळीच्या फरशीवर पेंढा नाल्या तुंबवतो. आपल्या सपाट सिमेंटच्या फरशीवर ती अडचण फारशी नाही. बुरशी आलेला पेंढा मात्र नको. बुरशीचं विष माद्यांचं माजचक्र बिघडवतं. नायलॉनचा दोर आणि प्लॅस्टिकची पोती टाळा, धागे पोटात अडकतात. शेण लागलेल्या वस्तूला डुक्कर तोंड लावत नाही, म्हणून गोणी-दोर नाकाच्या उंचीवर टांगावेत, आणि एका कप्प्यात तीन-चार ठिकाणी. एकच दोर असेल तर त्याच्याभोवतीही गर्दी होते.

शेपटी लहानपणीच कापून टाकणं हा जुना उपाय. त्याने चावे कमी होतात, पण कारण तसंच राहतं. युरोपीय संघात नेहमीची पद्धत म्हणून शेपटी कापायला मनाई आहे, तरी बऱ्याच देशांत ती सुरू आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये ती पूर्ण बंद असून तिथले शेतकरी सांभाळतात ते पेंढा आणि गव्हाणीची पुरेशी लांबी यांच्या जोरावर. माझ्या मते आपल्याकडच्या लहान शेडांना तर कापायची गरजच नसावी, कारण पेंढा इथे स्वस्त आहे आणि डुकरं मोजकी.

दोन्ही कारणं एकत्र दिसली तर गव्हाण आधी, पेंढा नंतर. दाटी असलेल्या कप्प्यात नवा दोर टांगला की तोही मिळवण्यासाठी धक्काबुक्की होते आणि चावे वाढू शकतात. गव्हाण दुरुस्त झाल्यावर आठवडाभर थांबून शेपट्या पुन्हा मोजा. खाताना लोंबणाऱ्या शेपट्या कमी झाल्या नसतील, तर उरलेलं काम दुपारच्या रिकाम्या वेळेवर आहे.